नीरेची माडी व्हायला किती वेळ लागतो? नीरा प्यायल्यावर चढते का, आणि मुलांना दिली तर चालेल का?

पहाटे उतरवलेली, चुना लावलेल्या मडक्यातली नीरा चढत नाही. पण तीच नीरा उन्हात दुपारपर्यंत तशीच ठेवली तर ती नीरा राहत नाही, आंबून माडी होते. मधे कोणी काही मिसळावं लागत नाही, आणि हेच मला इतकी वर्षं लोकांना सांगावं लागतंय.

माझे बाबा वेंगुर्ल्याकडे माडावर चढायचे. संध्याकाळी पोयीचं, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याचं, टोक कापून मडकं बांधायचं आणि पहाटे उजाडायच्या आत उतरवायचं. थेंब रात्रभर पडत असतात, म्हणजे रात्री नऊला पडलेला थेंब सकाळी उतरवताना आठ-नऊ तासांचा झालेला असतो. हवेतलं, किड्यांच्या पायांवरचं, जुन्या मडक्याच्या भेगांतलं यीस्ट त्यावर आधीच कामाला लागलेलं असतं. म्हणून नीरेचं मडकं बाबा रोज घासून, उन्हात वाळवून आतून चुन्याने माखायचे. चुन्यामुळे रस आंबट होत नाही आणि यीस्टला जोर धरता येत नाही. माडीच्या मडक्याला चुना नसायचाच. तळाचा थोडा जुना गाळही मुद्दाम ठेवायचे, दह्याला विरजण ठेवतात तसा.

एकदा मे महिन्यात मी कोल्हापूरला आत्याकडे निघालो होतो. साडेपाचला उतरवलेली लिटरभर नीरा वरची वर प्लास्टिकच्या बाटलीत ओतून घेतली, चुना मडक्यातच राहिला. बाबा म्हणाले, "कोल्हापुराक नेव नको, दुपारसर ती माडीच होतली. नेतलंस तर झाकण घट लावू नको." पिशवीत सांडेल म्हणून मी झाकण घट्टच लावलं. आंबोलीचा घाट चढेपर्यंत बाटलीचा तळ बाहेर आला होता, ती उभी राहीना. दुपारी एकला आत्याच्या स्वयंपाकघरात झाकण सैल केलं तेव्हा फस्सकन पांढरा फेस ओट्यावर आला. सकाळी पाण्यासारखा स्वच्छ असलेला रस तांदळाच्या धुवणासारखा गढूळ झाला होता, वासही आंबूस. आतोबांनी घोट घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बापाने नीरा सांगून माडी दिली तुला." मी तेव्हा गप्प बसलो, ते मला अजून लागतं.

आज हिशोब मांडून सांगतो. नीरेत साधारण १२ टक्के साखर धरा, म्हणजे लिटरमधे १२० ग्रॅम. यीस्ट साखरेचे जवळजवळ निम्मे अल्कोहोल आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड करतं. त्यातली फक्त १० ग्रॅम साखर आंबली तरी जवळपास अडीच लिटर वायू तयार होतो, आणि अल्कोहोल मात्र साधारण ०.६ ते ०.७ टक्के. म्हणजे बाटली फुगायला आणि फेस यायला फार दारू व्हावी लागत नाही. सगळी साखर आंबली तर हिशोबाने आठ टक्क्यांपर्यंत जाईल. पण बॅक्टेरियाही त्याच साखरेवर जगतात आणि आंबट करतात, म्हणून दिवसभर आंबलेली माडी साधारण चार ते सहा टक्क्यांवर थांबते. त्यापुढे ठेवली तर दारू वाढत नाही, हवा लागून व्हिनेगर होऊ लागतं. गोव्यात माडी काढणाऱ्याला रेंदेर म्हणतात, त्याच्या माडीचं, म्हणजे सुराचं, व्हिनेगर असंच होतं.

तेव्हा नीरा घेताना रंग आणि नाक वापरा. गढूळ, फेसाळ, जिभेला चुरचुरणारी असेल तर ती मुलांना देऊ नका, विकणारा काहीही म्हणो. बर्फात ठेवलेली असेल तरच उशिरा घ्या, पण बर्फ आंबणं मंदावतो, थांबवत नाही. थांबवायचं तर उकळायला हवं, आणि उकळत राहिलात तर गूळच होतो. टपरीवर दुपारी तीनला बर्फाशिवाय नीरा विकणाऱ्याकडून मी स्वतः घेत नाही.

मधुमेह असेल तर ताजी नीराही जपून, २०० मिलीच्या ग्लासात २४ ग्रॅमच्या आसपास साखर आहे. उलट जितकी आंबलेली तितकी साखर कमी आणि दारू जास्त, म्हणून "आंबलेली चालेल" हा मार्ग नाही. मडक्यावर जाळी किंवा झाकण होतं का तेही विचारा. बांगलादेशात वटवाघळांनी उष्टावलेल्या खजुरीच्या कच्च्या रसातून निपाह विषाणू पसरलेला आहे. शहरातल्या स्वस्त ताडीत तर क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची औषधं मिसळल्याची प्रकरणं झालेली आहेत. तिथे चढते ती साखरेची दारू नव्हे.

पण आमच्या मडक्याला चुना होता. बाटली साडेसात तास उकाड्यात होती आणि झाकण मी आवळलं होतं.