प्रार्थनेला उभं असताना चक्कर का येते?

माझी १४ वर्षांची मुलगी शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली, मिनिटभरात शुद्धीवर आली. नाश्ता केला नव्हता. कशामुळे झालं असेल?

बहुधा रक्तदाब एकदम उतरल्यामुळे. न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, कारण ते वर ढकलणाऱ्या पोटऱ्याच थांबलेल्या असतात. उन्हाने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात. त्यात रात्रीपासून पोटात अन्नपाणी नाही. मेंदूला रक्त कमी पडतं; आडवं होताच पोहोचतं, म्हणून ती लगेच सावरली. साखर उतरली असती तर नुसतं आडवं होऊन भागलं नसतं.

डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, घाम जाणवला की तिने तिथेच खाली बसावं, लाजू नये. पडलीच तर कुणी उचलून उभं करू नये.

धावताना किंवा काहीच न जाणवता पडली असेल, तर मात्र डॉक्टरांकडून ईसीजी करून घ्याच.