युएनफनचे दोन अर्धे

«पुढच्या महिन्यात पत्नी आणि सात वर्षांच्या मुलीसह चीनमधल्या हांगझोऊला राहायला जात आहे. तिथले सहकारी पहिल्याच कॉलवर ‘आपले युएनफन आहे’ म्हणाले. याला मैत्री समजावे का?»

व्हिसा आणि घरभाड्याची माहिती तुम्हाला कंपनीकडून मिळेलच, म्हणून मी फक्त या शब्दाविषयी लिहिते. हांगझोऊमध्ये नऊ वर्षे राहून मी पुण्याला परतले, तरी हा शब्द वाचला की अजून अस्वस्थ होते.

आपण त्याचे भाषांतर चटकन ‘ऋणानुबंध’ असे करतो. मीही केले आणि तिथेच चुकले. ऋणानुबंधात मागच्या जन्मीचे देणे असते आणि ते फिटेपर्यंत माणूस सुटत नाही. ‘युएन’ हा शब्द मात्र बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत ‘प्रत्यय’, म्हणजे साहाय्यक कारण, या संस्कृत शब्दासाठी वापरला गेला. बी हा हेतू, म्हणजे मूळ कारण असेल, तर माती, पाणी आणि ऊन हे प्रत्यय. ते जुळले की अंकुर फुटतो, विस्कटले की सुकतो, आणि त्यात कोणी कोणाचे देणे लागत नाही. ‘फन’ म्हणजे वाट्याला आलेला हिस्सा. त्यामुळे युएन असून फन नसणे, म्हणजे भेट घडूनही सोबत न लाभणे, असे तिथे सहज म्हटले जाते, आणि मोडलेल्या प्रेमाविषयी तर हमखास. तुमच्या सहकाऱ्यांनी पहिला अर्धा भाग मनापासून देऊ केला आहे. दुसऱ्याविषयी ते अजून काहीच बोललेले नाहीत.

तुम्ही जात आहात त्या शहरात या शब्दाची सर्वांत लाडकी कथा घडते. पश्चिम सरोवरावरच्या ‘तुटक्या पुलाजवळ’ पावसात शु श्येन नावाचा तरुण एका अनोळखी स्त्रीला छत्री देतो. ती प्रत्यक्षात श्वेतसर्पिणी असते, आणि छत्री परत घेण्याच्या निमित्ताने दोघांची पुन्हा भेट होऊन लग्न होते. दहा वर्षांची साधना असेल तर एका नावेतून नदी ओलांडता येते आणि शंभर वर्षांची असेल तर एका उशीवर डोके टेकता येते, ही म्हण या कथेशी जोडली जाते. सहप्रवासी आणि जोडीदार एकाच मापाने मोजले जातात, फक्त वर्षे वेगळी, हे मला फार सुंदर वाटते.

लग्नाच्या व्यवहारात मात्र हाच शब्द दाराची कडी होतो. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी आईवडील उघड्या छत्र्यांवर मुलामुलींचे वय, उंची, शिक्षण आणि पगार लिहिलेले कागद लावून बसतात. चौकशी आपल्या स्थळांइतकीच काटेकोर असते, पण नकार देताना पगार कमी पडला असे कोणी म्हणत नाही. युएनफन नाही, असे म्हणतात. आपण ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतो, तेच हे. दोन्ही घरांचा मान राहतो आणि वाद घालायला जागाही उरत नाही.

हे मला ठाऊक असते, तर माझ्या मुलाच्या शाळेचे प्रकरण वेगळे झाले असते. निवास परवान्याच्या नूतनीकरणासाठी पासपोर्ट जमा होता, त्यामुळे शाळेला फक्त त्याची पावती दाखवता आली. त्यांनी ती दोनदा परत पाठवली, आणि तिसऱ्या खेपेला तिथल्या बाई हसून म्हणाल्या, की या वर्षी मुलाचे आणि शाळेचे युएनफन दिसत नाही, पुढे पाहू. मी ‘पुढे पाहू’ ऐकले आणि पाच आठवडे वाट पाहिली. तो स्पष्ट नकार होता. मुलाचे अर्धे वर्ष घरात गेले, आणि ते मी अजून स्वतःला माफ केलेले नाही. तुमच्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी हा शब्द कानावर आला, तर त्याच दिवशी दुसऱ्या शाळेत अर्ज करा.



त्या अर्ध्या वर्षात शेजारच्या बाईंनी माझ्या मुलाला रोज दुपारी चिनी अक्षरे शिकवली. आम्ही भेटलो हे युएनफन, असे त्या वारंवार म्हणत, आणि मी मनात ऋणानुबंध ऐकत असे. त्या आपल्या मुलाकडे राहायला निघाल्या तेव्हा शांतपणे म्हणाल्या, की आता युएन नेईल तसे. मला ते तुटक वाटले. निरोपाला, श्वेतसर्पिणीची कथा आठवून, मी त्यांना छत्री दिली. त्या क्षणभर थांबल्या आणि छत्री घेऊन माझ्या हातावर एक नाणे ठेवले. त्याचा मला राग आला आणि मी पुढे त्यांना फोन केला नाही. चिनी भाषेत ‘छत्री’ आणि ‘पांगणे’ या शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे आहेत, म्हणून छत्री भेट देत नाहीत, आणि नाणे दिले की ती विकत घेतलेली ठरते, हे मला दोन वर्षांनी कळले. त्यांनी आमचे युएन राखण्यासाठी ते नाणे दिले होते. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे.