छापील आणि ऑनलाइन मथळा वेगळा का?

प्रश्न: नागपूरच्या पेपरात ‘आज नळ कोरडे!’ असा झकास मथळा येतो, मग त्याच बातमीला वेबसाइटवर लांबलचक, रटाळ मथळा का देतात?

उत्तर: छापील मथळा एकटा नसतो. पानावर शहर आवृत्तीचं नाव आणि तारीख असते, खाली उपमथळ्यात वस्त्यांची नावं येतात. त्यामुळे तीन शब्द पुरतात. शिवाय कॉलमची रुंदी ठरलेली, म्हणून क्रियापदही गाळतात.

सर्चच्या यादीत यातलं काहीच सोबत नसतं. ‘आज’ दुसऱ्याच दिवशी खोटं ठरतं, आणि ‘नळ कोरडे’ असं कोणी शोधत नाही. लोक ‘नागपूर पाणीपुरवठा’ टाइप करतात. म्हणून तोच मथळा असा होतो: ‘नागपूर पाणीपुरवठा: धरमपेठ, लक्ष्मीनगरात १२ जूनला पाणी नाही’. गाव, विषय आधी. कारण लांब मथळ्याचं शेपूट गूगल कापतं.

इथे एक चूक हमखास होते. ‘मथळा ६० अक्षरांत बसवा’ हा नियम इंग्रजीवरून आलेला. गूगल अक्षरं मोजत नाही, रुंदी बघतं. आणि संगणक काना-मात्रा वेगळ्या मोजतो. ‘नागपूर’ आपल्याला चार अक्षरं, त्याला सहा. त्यामुळे मोबाइलवर प्रत्यक्ष पाहूनच ठरवा.

झकास मथळा मात्र फेकू नका. टायटल टॅगमध्ये, म्हणजे सर्चसाठी वेगळं दिलेल्या शीर्षकात, शोधाचा मथळा द्या, वेबसाइटच्या पानावर हवं तर ‘नळ कोरडे’ ठेवा. दोन्हींत फार अंतर पडलं, तर गूगल कधीकधी पानावरचाच उचलतं.