ट्रकच्या एका फेरीचा खरा खर्च

प्रश्न: डिझेल, टोल, ड्रायव्हरचा पगार, हप्ता आणि मेंटेनन्सची बिलं जवळ आहेत. यातून एका फेरीचा आणि किलोमीटरमागचा खर्च कसा काढू?

उत्तर: बिलं दोन प्रकारची आहेत. डिझेल, टोल, टायर, ऑइल हे गाडी पळाली की लागतात. हप्ता, विमा, पगार मात्र गाडी उभी असतानाही चालू राहतात, म्हणून ते दिवसांवर वाटा.

समजा महिन्याचा हप्ता, विमा, पगार मिळून ९०,००० रुपये आणि गाडी कामावर असते २५ दिवस. म्हणजे दिवसाला ३,६०० रुपये. जाऊन-येऊन १,२०० किलोमीटरच्या फेरीला पाच दिवस गेले, तर १८,००० रुपये. डिझेल २७,०००, टोल ६,०००, ड्रायव्हरचा भत्ता २,५००. टायर-मेंटेनन्सची वर्षभराची बिलं वर्षाच्या किलोमीटरने भागून समजा ४ रुपये आले, म्हणजे ४,८००. एकूण ५८,३०० रुपये, किलोमीटरला साधारण ४८.६०.

इथेच बहुतेकजण फसतात: परतीला गाडी रिकामी आली, तर भाडं फक्त ६०० किलोमीटरचं मिळतं, त्यामुळे भरलेल्या किलोमीटरला ९७ रुपये सुटायलाच हवेत. माल उतरवायला दोन दिवस जास्त थांबलात, तर भत्त्यासह आणखी ८,२०० रुपये चढतात. म्हणून भाडं ठरवतानाच थांबण्याचे पैसे बोलून घ्या.