शॉक्ड क्वार्ट्झ, गारगोटी आणि लोणारचं ‘विवर’

प्रश्न : ‘लोणारला काही पुस्तकांत ज्वालामुखीचं विवर म्हटलंय, काहींत उल्काविवर. नेमका शब्द कोणता? शॉक्ड क्वार्ट्झ सापडलं की ते उल्काविवर, असं वाचलं. हे क्वार्ट्झ म्हणजे आमच्या सोलापूरकडे शेतात मिळते ती गारगोटीच का? शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या फलकासाठी हवंय.’

फलकावर ‘आघातविवर’ लिहा. ‘उल्काविवर’ही रूढ आहे आणि त्यात बिघडत काही नाही. ‘ज्वालामुखीचं विवर’ मात्र लोणारच्या बाबतीत चूक आहे. नुसतं ‘विवर’ म्हटलं तर फक्त आकार कळतो; तो कशामुळे झाला हे सांगणारा पुढचा शब्द जोडायचा तर पुरावा लागतो. लोणारचा पुरावा वेगळ्या खनिजात आहे, शॉक्ड क्वार्ट्झमध्ये नाही. पुस्तकांतला गोंधळ बराचसा इथूनच येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गारगोटी. आपल्याकडे विहीर खणताना किंवा नांगरटीत जे पांढरे, अर्धपारदर्शक खडे वर येतात त्यांना आपण सरसकट गारगोटी म्हणतो. त्यांतले बरेच क्वार्ट्झच्याच कुळातले असतात, काही झिओलाइट या वेगळ्या खनिजगटातले असतात. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातून ही खनिजं सावकाश साचली. म्हणजे क्वार्ट्झच्या गारगोटीत खनिज तेच, पण ‘शॉक्ड’ हे विशेषण लावण्यासारखं त्यांच्या बाबतीत काही घडलेलं नाही. ‘शॉक्ड क्वार्ट्झ’ हे वेगळं खनिज नव्हेच. प्रचंड दाबाची लाट अंगावरून गेल्याची खूण ज्याच्या आत राहिली आहे ते क्वार्ट्झ, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत मी ‘आघातित क्वार्ट्झ’ लिहितो आणि या बदलाच्या प्रक्रियेला ‘आघाती रूपांतरण’.

ही खूण नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, भिंगातूनही नाही. खडकाचा तुकडा कापून, काचपट्टीवर चिकटवून, घासत घासत 0.03 मिलिमीटर जाडीचा करतात. मग ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. आघातित कणात अगदी सरळ, एकमेकींना समांतर अशा बारीक रेषा दिसतात. खरं तर त्या रेषा नसून कणाच्या आरपार गेलेल्या पातळ पापुद्र्यांच्या कडा असतात. प्रत्येक पापुद्रा साधारण दोन मायक्रोमीटरपेक्षा पातळ, आणि दोन पापुद्र्यांमधलं अंतर दोन ते दहा मायक्रोमीटर. एकाच कणात अशा रेषांचे दोन, तीन, कधी त्याहून जास्त संच असतात आणि ते एकमेकांना छेदतात, सोलापुरी चादरीतल्या ताण्याबाण्यासारखे. फक्त इथे छेद काटकोनातच असेल असं नाही. कोन कोणता असावा हे स्फटिकाची आतली रचना ठरवते. म्हणून अभ्यासक रेषा पाहून थांबत नाहीत. त्या स्फटिकाच्या अक्षाशी कोणता कोन करतात ते मोजतात, आणि ठरावीक प्रतलांशी ते कोन जुळले तरच आघात मान्य करतात.

असे पापुद्रे ज्वालामुखीत का होत नाहीत? कारण दाबाचं आहे. क्वार्ट्झमध्ये हे संच नीट उमटायला साधारण 10 गिगापास्कल दाब लागतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे एक लाख पट. 35 गिगापास्कलच्या आसपास तर स्फटिकाची रचनाच कोलमडते. ज्वालामुखी कितीही मोठा फुटला तरी त्याचा दाब एका गिगापास्कलच्या आतच राहतो. वायूचा दाब वाढत जातो तो वरच्या खडकाने धरून ठेवला म्हणून. खडकाची ताकद संपली की तो फुटतो आणि दाब मोकळा होतो. खडकाला पेलवेल त्यापलीकडे दाब साठवायला जागाच उरत नाही. बाहेरून येणाऱ्या अशनीला ही मर्यादा नाही. तो सेकंदाला 11 किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने आदळतो आणि खडकातून ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी लाट सुटते. दाब चढतो आणि उतरतो तो सेकंदाच्या अगदी लहान अंशात. स्फटिकाला सावकाश वाकायला वेळच मिळत नाही, म्हणून तो ठरावीक प्रतलांवर कोसळतो. तेच हे पापुद्रे.

फसवणाऱ्या रेषाही असतात. पर्वत घडताना सावकाश दाबल्या गेलेल्या क्वार्ट्झमध्ये पट्टे दिसतात. पण ते सहसा एकाच संचाचे, थोडे वाकलेले, जाडसर आणि एकमेकांपासून दूर असतात. यावरून 1980च्या दशकात मोठा वाद झाला होता, आणि तो आपल्या पायाखालच्या खडकाशी जोडलेला आहे. 1984 साली अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात, डायनोसॉर संपले त्या काळाच्या मातीच्या पातळ थरात, आघातित क्वार्ट्झ सापडल्याचं प्रसिद्ध झालं. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं पडलं की हे ज्वालामुखीचंही काम असू शकतं. त्यांनी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या राखेतल्या क्वार्ट्झकडे बोट दाखवलं, आणि डायनोसॉर संपले त्याच काळात वाहिलेल्या दख्खनच्या लाव्ह्याचं नावही पुढे आलं. बारकाईने पाहिल्यावर टोबाच्या कणांत एखाद-दुसराच, तोही वाकडा संच निघाला. मॉन्टानाच्या कणांत एकमेकांना छेदणारे सरळ संच होते. दख्खनचा लाव्हा तर मुख्यतः भेगांमधून संथ वाहून आलेला, आणि त्यात क्वार्ट्झ जवळपास नाहीच. पुढे मेक्सिकोतलं चिक्शुलूब इथलं गाडलं गेलेलं आघातविवर 1991 साली ओळखलं गेलं.

‘त्यात क्वार्ट्झ जवळपास नाहीच’ हे वाक्य लोणारलाही तसंच लागू पडतं. लोणार दख्खनच्या बसाल्टमध्ये आहे. सोलापूरच्या भुईखाली आहे तोच काळा पाषाण. तो मुख्यतः प्लॅजिओक्लेज फेल्स्पार आणि पायरॉक्सीन यांचा बनलेला. ज्यात क्वार्ट्झच नाही त्यात आघातित क्वार्ट्झ शोधून मिळणार कसं? म्हणून ‘शॉक्ड क्वार्ट्झ सापडलं की उल्काविवर’ हा नियम पुरता नाही. ग्रॅनाइट किंवा वालुकाश्म असेल तिथे तो उत्तम चालतो. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला हे विवर ग्रॅनाइटच्या प्रदेशात आहे, आणि तिथला निर्णय क्वार्ट्झमधल्या या रेषांवरूनच झाला. बसाल्टमध्ये साक्षीदार बदलावा लागतो.

लोणारचा साक्षीदार आहे प्लॅजिओक्लेज. या विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आणि काठापासून खोली सुमारे 150 मीटर. चहूकडे ज्वालामुखीचा खडक असल्यामुळे हेही ज्वालामुखीचंच काम, असं दीर्घकाळ मानलं गेलं. सरोवराच्या तळातून छिद्रण करून गाळाखालच्या चुरडलेल्या खडकाचे नमुने वर काढले, तेव्हा त्यांत मॅस्केलिनाइट सापडलं. ते काम 1973 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं आणि प्रश्न निकाली निघाला. जाता जाता सांगतो, या पदार्थाचं नाव नेव्हिल स्टोरी-मॅस्केलिन या इंग्रज खनिजशास्त्रज्ञावरून पडलं. ते 1872 साली गुस्ताव चेर्माक यांनी दिलं, आणि ज्या अशनीत तो प्रथम ओळखला तो 1865 साली बिहारमधल्या शेरघाटीला पडला होता.

मॅस्केलिनाइट म्हणजे न वितळता काच झालेलं प्लॅजिओक्लेज. साधारण 25 ते 45 गिगापास्कल दाबाची लाट गेली की त्याची स्फटिकरचना विस्कटते, पण दाण्याचा आकार तसाच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली साध्या बसाल्टचा काप एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये ठेवा. प्लॅजिओक्लेजच्या लांबट पट्ट्या करड्या-पांढऱ्या, आत पट्टेदार दिसतात, आणि काप फिरवला की त्या उजळतात आणि विझतात. आघात झालेल्या कापात त्याच लांबट पट्ट्या, त्याच कडा, पण आत सगळा काळोख. कितीही फिरवा, उजळत नाहीत, कारण आत स्फटिक उरलेला नाही.

नवखा माणूस इथे फसतो. दख्खनच्या बसाल्टमध्ये ज्वालामुखीची स्वतःची काचही असते आणि तीही काळीच दिसते. तेव्हा काच आहे की नाही यापेक्षा ती कुठे बसली आहे ते पाहावं. लाव्ह्याची काच पट्ट्यांच्या मधल्या फटी भरते, कारण स्फटिक आधी बनले आणि उरलेला रस शेवटी गोठला. मॅस्केलिनाइट पट्टीच्या जागीच असतं, पट्टीचाच आकार घेऊन. त्यात बुडबुडे नसतात, वाहिल्याच्या रेघा नसतात. ते वितळलेलंच नव्हतं, मग वाहणार कुठून? माझ्या मते लोणारचा सगळा निर्णय या एका फरकात सामावलेला आहे, आणि फलकावर चित्र काढायचं असेल तर हेच काढा. शेजारी शेजारी दोन चौकटी पुरतील.

काठावरचे लाव्ह्याचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, बाहेर फेकला गेलेला मलबा भोवती पसरला आहे. या खुणा आघाताशी जुळतात, पण स्फोटातूनही त्यांच्यासारखं काही होऊ शकतं. एकट्या त्यांच्यावर निर्णय देता येत नाही. काळाचा मुद्दा जास्त वजनदार. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. लोणारचं वय एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षं येतं, आर्गॉनच्या पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत आहे, पण कोणताही धरा, तोवर इथले ज्वालामुखी थंड होऊन कोट्यवधी वर्षं उलटलेली होती.

उलट बाजूची एक सावधगिरीही लिहितो. कोएसाइट हे क्वार्ट्झचं दाट रूप 1960 साली अ‍ॅरिझोनातल्या मीटिअर क्रेटरमध्ये सापडलं आणि त्या विवराचा वाद मिटला. म्हणून ‘कोएसाइट म्हणजे आघात’ असं लिहिलेलं दिसतं. पण लडाखमध्ये त्सो मोरारीच्या खडकांतही कोएसाइट आहे, आणि तिथे कोणी आदळलेलं नाही. भूपट्टाबरोबर ते खडक खूप खोल गेले आणि परत वर आले. तिथला दाब सावकाश चढलेला. त्यामुळे कोएसाइट उथळ थरातल्या खडकात, इतर आघातखुणांबरोबर मिळालं तरच ते आघाताचा पुरावा ठरतं.

तुमच्या शेतातल्या गारगोट्या प्रदर्शनात जरूर ठेवा, पण त्यांच्या पुढे ‘बसाल्टच्या पोकळीत साचलेलं क्वार्ट्झ’ अशी पाटी असू द्या. त्यांवर दिसणाऱ्या रेघा बहुधा स्फटिक वाढतानाच्या किंवा साध्या तड्यांच्या असतात. ज्या रेघा डोळ्यांना दिसतात त्या आघाताच्या रेषा नव्हेत, एवढं विद्यार्थ्यांना सांगितलंत तरी ‘आघातित’ हा शब्द ते जपून वापरतील. एखाद्या गोल खळग्याबद्दल खडकाचा काप अजून कोणी पाहिलेला नसेल, तर त्याला ‘वर्तुळाकार खळगा’च म्हणावं.