पुराच्या विम्याला कात्री: कंपनीचा अंतर्गत मेमो हाती आला, आता काय?

प्रश्न: नांदेडजवळच्या औद्योगिक वसाहतीत माझी डाळ मिल आहे. इमारत 2 कोटी, मशिनरी 2 कोटी 40 लाख आणि माल 4 कोटी, असा 8 कोटी 40 लाखांचा विमा आहे. मुदत 31 मे रोजी संपते. रिन्यूअलच्या मेलसोबत कंपनीचा आतला मेमो चुकून आला. त्यात लिहिलंय की, या वसाहतीत कंपनीची एकूण जोखीम मर्यादेबाहेर गेली आहे, नवे प्रस्ताव घेऊ नयेत, जुन्यांना पुराचं संरक्षण 25 टक्क्यांपर्यंतच द्यावं आणि एक्सेस, म्हणजे नुकसानीतला ग्राहकाने स्वतः सोसायचा भाग, 5 टक्के करावा. मी एकदाही क्लेम केलेला नाही. बँक म्हणते, पूर्ण रकमेचा विमा हवा. हा मेमो घेऊन मला कोर्टात जाता येईल का? कंपनीला हे करता येतं का? – एक डाळ मिल मालक

उत्तर: मेमोचा तुम्हाला राग येणं स्वाभाविक आहे, पण तो तुमच्यावर अविश्वास म्हणून काढलेला नाही. आगीच्या विम्यात एक मिल जळते, शेजारची सहसा वाचते. पुराचं तसं नसतं. एकाच रात्री एकाच नाल्याचं पाणी वसाहतीतल्या सगळ्या शेडमध्ये शिरतं आणि कंपनीला सगळे क्लेम एकदम द्यावे लागतात. म्हणून जोखीम तपासून विमा किती द्यायचा ते ठरवणारा कंपनीचा अंडररायटर एका पट्ट्यातल्या सगळ्या विमा रकमांची बेरीज ठेवतो. एका घटनेतला तोटा ठरावीक रकमेपलीकडे गेला, तर त्यापुढचा भार विमा कंपनीचाच विमा उतरवणारी पुनर्विमा कंपनी उचलते, पण त्यालाही वरची हद्द असते. ती ओलांडली की उरलेला सगळा भार मूळ कंपनीच्या अंगावर. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात जे पाणी झालं, त्यानंतर कंपन्यांनी ही बेरीज नव्याने मांडली तर त्यात बेकायदा काही नाही. तुमचा क्लेम नसण्याने ती बेरीज कमी होत नाही.

आता कायदा. इथे चालू पॉलिसी आणि रिन्यूअल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

31 मेपर्यंत तुमचं नातं फक्त पॉलिसीच्या मजकुराशी आहे. मेमो कराराचा भाग नाही. उद्या अवकाळीचं पाणी घुसलं, तर नुकसान मोजायला येणाऱ्या सर्व्हेअरला 25 टक्क्यांची गोष्ट काढता येणार नाही. कंपनी मध्येच पॉलिसी रद्द करू शकते का, हे रद्द करण्याच्या कलमावर अवलंबून आहे. जुन्या धर्तीच्या फायर पॉलिसीत 15 दिवसांच्या नोटिशीने रद्द करण्याचा अधिकार कंपनीला असतो. सर्वोच्च न्यायालयाचा 1966 चा जनरल अ‍ॅश्युरन्स सोसायटी विरुद्ध चंदुमल जैन हा निकाल नेमका यावर आहे. गंगेकाठच्या घरांचा विमा होता, नदी काठ कापत चालली होती, कंपनीने विमा रद्द केला आणि पुढे घरं वाहून गेली. न्यायालयाने कंपनीचं रद्द करणं मान्य केलं, पण मर्यादाही घातली. जबाबदारी सुरू झाल्यावर किंवा ती अटळ झाल्यावर रद्द करता येत नाही, आणि ती अटळ झाली होती की नाही हे त्या त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर ठरतं. म्हणजे धरणाचे दरवाजे उघडलेत, नाला फुगलाय आणि त्याच दिवशी रद्द केल्याचा मेल आला, तर तो टिकणं अवघड. महिनाभर आधी आलेला मात्र टिकू शकतो.

रिन्यूअल ही तुमची खरी अडचण आहे. फायर पॉलिसीचं रिन्यूअल कायद्याने नवा करार असतो, आणि जुन्याच अटींवर करार करा अशी सक्ती कंपनीवर सहसा करता येत नाही. कंपनी सरकारी असेल तर बिमन कृष्ण बोस या 2001 च्या निकालाचा आधार सांगितला जातो: सरकारी विमा कंपनीने मनमानी करून रिन्यूअल नाकारू नये. तो निकाल मेडिक्लेमचा होता आणि तिथे ग्राहक पूर्वी कोर्टात गेला याचा राग कंपनीने काढला होता. तुमच्या बाबतीत एकच नियम अख्ख्या वसाहतीला लावलाय. औरंगाबाद खंडपीठात रिट दाखल करता येईल, पण माझ्या मते ती टिकणार नाही आणि तोवर पावसाळा उलटून जाईल. शेजारच्या प्लॉटला त्याच कंपनीने याच महिन्यात पूर्ण संरक्षण दिल्याचा पुरावा मिळाला, तर मात्र भेदभावाचा मुद्दा उभा राहतो.

जेकब पुन्नेन हा 2021 चा निकाल तुम्हाला जास्त उपयोगी आहे. रिन्यूअलच्या वेळी अटी बदलल्या, तर ते ग्राहकाला कळवणं ही कंपनीची जबाबदारी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पण हा निकाल तुमच्या विरुद्धही वापरला जाईल. तुम्हाला आता बदल माहीत आहे. काहीही न लिहिता प्रीमियम भरलात, तर नंतर ‘मला सांगितलंच नाही’ म्हणता येणार नाही. म्हणून हरकत आत्ता, लेखी घ्या.

हरकत कशावर घ्यायची? ‘25 टक्के’ आणि ‘5 टक्के’ हे शब्द मेमोत अर्धवट आहेत, आणि तुमचे पैसे त्या अर्धवटपणातच अडकतील. समजा गोदामात तीन फूट पाणी शिरलं. डाळ मिलमध्ये पाणी सगळ्यात आधी धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या खड्ड्यात भरतं, मोटर जाते. गोदामातल्या थप्पीचे खालचे थर भिजतात आणि ओल वर चढत जाते, त्यामुळे कोरडी दिसणारी पोतीही दोन दिवसांत बुरसतात. नुकसान धरू: माल 1 कोटी 60 लाख, मशिनरी 60 लाख, इमारत 10 लाख. एकूण 2 कोटी 30 लाख.

मर्यादा एकूण विमा रकमेवर 25 टक्के असेल, तर ती 2 कोटी 10 लाख होते. तुमचा तोटा 20 लाखांचा. तीच मर्यादा प्रत्येक बाबीवर वेगळी लावली, तर मालाला 1 कोटीच मिळतात, मशिनरीचे 60 लाख आणि इमारतीचे 10 लाख पूर्ण मिळतात, म्हणजे 1 कोटी 70 लाख. इमारतीचा न वापरलेला हिस्सा मालाकडे वळत नाही. टक्का तोच, फरक 40 लाखांचा.

एक्सेसचं याहून गंभीर आहे. क्लेमच्या 5 टक्के म्हणजे 11 लाख 50 हजार. विमा रकमेच्या 5 टक्के म्हणजे 42 लाख, आणि पाणी फक्त खड्ड्यात शिरून 30 लाखांचं नुकसान झालं तर हातात शून्य. शिवाय एक्सेस आधी वजा होणार की मर्यादा लावल्यावर? 2 कोटी 30 लाखांतून 42 लाख आधी वजा केले तर 1 कोटी 88 लाख मिळतात. आधी 2 कोटी 10 लाखांची मर्यादा लावून मग 42 लाख कापले, तर 1 कोटी 68 लाख. कंपनीकडून हे एंडोर्समेंटमध्ये, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या अटींच्या पानावर, स्पष्ट लिहून घ्या: मर्यादा एकूण रकमेवर, एक्सेस क्लेमच्या रकमेवर आणि मर्यादेच्या आधी वजा. मर्यादा दर घटनेला आहे की वर्षभरासाठी एकच, हेही विचारा. आपल्याकडे ऑगस्टमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये दुसरा फटका बसू शकतो.

‘पूर’ म्हणजे फक्त नदीचं पाणी, असंही समजू नका. जे. के. सिमेंट प्रकरणात (2020) सर्वोच्च न्यायालयाने अतिवृष्टीने साचलेल्या पाण्यालाही पूर-जलमय होण्यात धरलं. पूर्ण संरक्षण होतं तेव्हा हा निकाल ग्राहकाच्या बाजूने गेला. आता मर्यादा आली, की वसाहतीची गटार तुंबून आवारात साचलेलं पाणीही त्याच मर्यादेत बसेल.

पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे तेही पाहा. तुमची एकूण किंमत 5 ते 50 कोटींच्या मधली, म्हणजे भारत लघु उद्यम सुरक्षा या 2021 पासूनच्या पॉलिसीच्या कक्षेत येते. त्या पॉलिसीच्या मूळ संरक्षणातच पूर आहे. ती असेल, तर ठरलेल्या मजकुरात ही कपात कशाच्या आधारे करता, हे कंपनीला लेखी विचारा. हा तुमच्या हातातला चांगला मुद्दा आहे.

मात्र सगळ्यात जास्त उपयोग होईल तो सह-विम्याचा. मेमोची अडचण तुमची मिल नाही, कंपनीची बेरीज आहे. तुमच्या 8 कोटी 40 लाखांपैकी निम्मा भाग दुसऱ्या कंपनीकडे गेला, तर या कंपनीच्या खात्यात 4 कोटी 20 लाखच उरतात आणि पुराचं पूर्ण संरक्षण देण्यास तिला जागा होऊ शकते. ब्रोकरला हा प्रस्ताव लेखी मांडायला सांगा. सोबत प्लॉटची नाल्यापासूनची उंची, जोत्याची उंची आणि सप्टेंबरात पाणी कुठवर आलं त्याचे फोटो द्या. वसाहतीची बेरीज पिनकोडने केली असेल, तर उंचावरचा प्लॉटही खड्ड्यातल्या प्लॉटसोबत मोजला गेला असतो आणि तो वेगळा काढायला अंडररायटरला कागद लागतो. दुसऱ्या कंपनीच्या प्रपोजल फॉर्ममध्ये ‘आधीच्या कंपनीने विशेष अटी घातल्या का’ असा प्रश्न आला, तर खरं उत्तर द्या. इथे लपवलेलं क्लेमच्या वेळी नडतं.

बँकेला मुदत संपण्याआधी पत्र द्या आणि पोच घ्या. कर्जकरारात पूर्ण विम्याची अट असेल, तर मर्यादित संरक्षण घेणं हा तांत्रिकदृष्ट्या करारभंग आहे. मॅनेजरच्या तोंडी ‘चालेल’ला अर्थ नाही. कंपनीचं मर्यादेचं पत्र जोडा आणि बँकेकडून लेखी संमती किंवा पर्यायी कंपनीचं नाव मागा. विमा बँकच काढत असेल, तर पॉलिसीची पूर्ण प्रत मागून एंडोर्समेंटचं पान वाचा.

मेमोबद्दल विचारलंत. तो मेल मूळ स्वरूपात, जोडपत्रासह जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली तो प्रमाणपत्रासह दाखल करता येईल. तो वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, कारण त्यात दुसऱ्या उद्योगांचे आकडे असू शकतात. पुढे क्लेमच्या वेळी कंपनी पॉलिसीत न लिहिलेली मर्यादा लावू लागली, तर तेव्हा तो कामाला येईल. असा वाद ग्राहक आयोगात नेता येतो. धंद्यासाठी काढलेला विमा असला तरी मालक ग्राहक ठरू शकतो, हे हरसोलिया मोटर्सच्या 2023 च्या निकालाने पक्कं झालंय. प्रीमियम 50 लाखांच्या आत असल्याने नांदेडच्या जिल्हा आयोगातच तक्रार चालेल, दोन वर्षांच्या आत करावी लागेल.

शेवटची बाब तारखेची. विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबीप्रमाणे प्रीमियम आधी जमा झाल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरू होत नाही. वाटाघाटी चालू आहेत म्हणून 1 जूनला संरक्षण मिळत नाही. 25 मेपर्यंत सह-विमा जमला नाही, तर मर्यादित पॉलिसीच घ्या, प्रीमियमसोबत ‘मर्यादेला हरकत राखून’ असं पत्र द्या, आणि पुराचा उरलेला भाग दुसऱ्या कंपनीकडून मिळवायचा प्रयत्न जूनमध्येही चालू ठेवा.