एक बाहुली अचानक मोठी दिसली तर

प्रश्न: सकाळी आरशात बघताना डाव्या डोळ्याची बाहुली उजव्यापेक्षा मोठी दिसली. दुखत नाही, दिसतंय नीट. थांबून बघू की लगेच दवाखान्यात जाऊ?

मी नेत्रतज्ज्ञ आहे. आधी पापणी बघा. ती खाली आली असेल, एकाची दोन दिसत असतील, आजवर कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी किंवा मानदुखी असेल, बोलणं अडखळत असेल, हातपाय लुळे वाटत असतील किंवा डोक्याला मार लागून गुंगी येत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जिथे रात्रंदिवस सीटी स्कॅन होतो अशा मोठ्या रुग्णालयात जा. डोळा लाल होऊन ठणकत असेल, उलट्या होत असतील, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसत असतील, तर डोळ्यातला दाब चढलेला असू शकतो. त्यासाठीही आजच दाखवायला हवं.

यातलं काही नसेल तर जुने फोटो काढा. ओळखपत्रावरचा नको, तो फार बारीक असतो; लग्नातला चेहऱ्याचा मोठा फोटो मोबाईलवर ताणून बघा. साधारण पाचातल्या एका माणसाच्या बाहुल्यांमध्ये जन्मजात थोडा फरक असतो, बहुधा एक मिलिमीटरच्या आतला. आयुष्यभर तो कुणाच्या लक्षात येत नाही आणि एक दिवस आरशात अचानक 'सापडतो'. फोटोतही तीच बाहुली मोठी असेल तर अर्धी काळजी तिथेच मिटली.

मग घरातल्या कुणाला तरी तुमच्या डोळ्यांकडे बघायला सांगा, एकदा उजेडात, एकदा मंद प्रकाशात. दोन्हीकडे फरक जवळपास तेवढाच राहिला तर तो बहुधा जन्मजात. उजेडात फरक वाढत असेल तर मोठी बाहुली नीट आकसत नाहीये, म्हणजे दोष तिच्यात. अंधारात वाढत असेल तर दोष लहान बाहुलीत, ती मोठी व्हायला तयार नाही. पुष्कळ लोक चुकीच्या डोळ्याची काळजी करत माझ्याकडे येतात ते यामुळेच.

महाशिवरात्रीच्या आसपास एक ठरलेला पेशंट येतो. मागे एक बाई आल्या, उजवी बाहुली भलीमोठी, टॉर्च मारला तरी ढिम्म. पापणी जागेवर, डोळा सगळीकडे फिरतोय, फक्त जवळचं वाचताना धूसर. सकाळी महादेवाला वाहायला धोतऱ्याची फुलं-फळं तोडली होती आणि त्याच हाताने डोळा चोळला होता. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीनसारखी द्रव्यं असतात, ती बाहुली आकसवणारा स्नायू अडवून धरतात. खात्रीसाठी १ टक्का पायलोकार्पिनचा थेंब दोन्ही डोळ्यांत टाकला. पाऊण तासात डावी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली, उजवी हललीच नाही. नस दुखावली असती तर या थेंबाने ती आकसली असती, कारण स्नायू शाबूत असतो. काही दिवसांत बाहुली आपोआप पूर्ववत झाली. नेब्युलायझरचा मास्क सैल बसून औषध डोळ्यात गेलं किंवा कानामागे प्रवासातल्या उलटीची पट्टी लावून तोच हात डोळ्याला लागला, तरी असंच होतं.

डॉक्टर खरे धास्तावतात ते मोठ्या बाहुलीसोबत पापणी पडलेली आणि डोळा बाहेर-खाली वळलेला दिसला की. डोळा हलवणारी तिसरी नस मेंदूच्या तळाशी एका रक्तवाहिनीला जवळजवळ खेटून जाते. त्या रक्तवाहिनीला फुगा आला तर नस दाबली जाते, आणि बाहुलीचे धागे नसेच्या बाहेरच्या अंगाला असल्याने दाबाचा फटका बरेचदा त्यांना आधी बसतो. मधुमेहात याच नसेचा रक्तपुरवठा आतल्या बाजूला अडतो, म्हणून तिथे पापणी पडली तरी बाहुली बहुतेकदा वाचते. पण 'मला शुगर आहे, त्यामुळेच असेल' असा निष्कर्ष घरी काढू नका. फुगा फुटला तर जिवावर बेततं, म्हणून त्याच दिवशी अँजिओग्राफीसह सीटी किंवा एमआरआय करतात.

लहान बाहुलीची गोष्ट निराळी. तिथे पापणी जेमतेम एक-दोन मिलिमीटर खाली असते, झोप झाली नाही म्हणून सोडून द्यावी इतकी. पण बाहुली मोठी करणारे धागे मेंदूतून छातीपर्यंत उतरून मानेतल्या मुख्य धमनीच्या कडेने वर येतात. मानेला झटका बसल्यावर, न्हाव्याकडे मान मोडून घेतल्यावरसुद्धा, त्या धमनीचं अस्तर फाटू शकतं. मानेच्या एका बाजूला दुखणं आणि त्याच बाजूची बाहुली लहान, ही जोडी दिसली तर पक्षाघाताचा धोका पुढच्या काही दिवसांत सर्वात जास्त असतो. त्यामुळे इथेही थांबायचं नाही.

तुम्हाला वरचं काहीच नसेल पण जुन्या फोटोत फरक दिसत नसेल, तर आजच नेत्रतज्ज्ञाला दाखवा. जाताना ते फोटो, सध्याच्या औषधांची यादी आणि कालपासून हाताला काय काय लागलं ते आठवून न्या. घरातला कुठलाही थेंब डोळ्यात टाकू नका, नाहीतर आम्हाला टॉर्चखाली काही कळणार नाही.